ई-मेलमधल्या प्रश्नांखालीच उत्तरं लिहिताना रंग वापरता की नावाची अक्षरं?

कागदी_होडी

ऑफिसात सध्या एका गोष्टीवरून जुंपलीये म्हणून इथे विचारतोय. आमचा एक क्लायंट आहे, तो एकाच ई-मेलमध्ये सहा-सात प्रश्न विचारतो, प्रत्येक प्रश्न म्हणजे एक परिच्छेद, आणि त्यातले काही डिझाइनचे, काही हिशेबाचे, काही माझ्या वाट्याचे. आम्ही तिघं त्याच्याच ई-मेलमध्ये ज्याच्या-त्याच्या प्रश्नाखाली उत्तर लिहितो. मेधा लाल रंगात, समीर हिरव्यात, मी निळ्यात. वर एक ओळ असते, "उत्तरं खाली रंगात दिली आहेत."

गेल्या आठवड्यात क्लायंटने ते उत्तर त्याच्या साहेबांना फॉरवर्ड केलं आणि साहेबांचा फोन आला की हे काय पाठवलंय, काही कळत नाही. त्यांच्याकडे सगळं एकाच काळ्या रंगात दिसत होतं. त्यातली एक ओळ अशी वाचली गेली: "लोगो नंतर बदलायचा असेल तर जादा पैसे लागतील का नाही लागणार फक्त एकदाच". यात "का" पर्यंत प्रश्न आहे आणि पुढे मेधाचं उत्तर! साहेब म्हणाले, तुम्हीच मला विचारताय की सांगताय?

तर आता समीर म्हणतो रंग बंद, प्रत्येक उत्तराआधी नावाची अक्षरं लिहायची. मेधा म्हणते रंगाशिवाय नजर पडतच नाही. तुम्ही काय करता?

खटपट्या

लाल. कायम लाल. शाळेपासून सवय आहे, लाल म्हणजे मास्तर बोलतायत. 😄

बोरूबहाद्दर

रंगच बरा. तुमच्या साहेबांकडे जुनं काहीतरी असणार. ई-मेल एचटीएमएलमध्ये असेल तर रंग कुठे जात नाही, तो मजकुरातच असतो. त्यांना म्हणावं अ‍ॅप अपडेट करा.

टंकतपस्वी

@बोरूबहाद्दर, अर्धं बरोबर आहे. रंग एचटीएमएलमध्येच असतो हे खरं. पण बहुतेक ई-मेलसोबत त्याच मजकुराची साधी प्रतही जाते, आणि कोणतं रूप दाखवायचं ते पाहणाऱ्याचं अ‍ॅप ठरवतं. शिवाय मधल्या एकाने साध्या मजकुरात रिप्लाय केला की तिथून पुढे सगळ्यांसाठी रंग गेला, तुमचं अ‍ॅप कितीही नवं असो. तक्रार-नोंदणीच्या सिस्टिममध्ये ई-मेल शिरला की बऱ्याचदा तेच. कोणी उत्तर कॉपी करून चॅटमध्ये टाकलं तर तेच. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये लाल आणि निळा दोन्ही करडे. म्हणजे रंग पहिल्या माणसापर्यंत पोचतो, तिसऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही. आणि नेमकं निर्णय घेणारा माणूस तिसरा असतो.

@कागदी_होडी, तुमच्या केसमध्ये मला रंगापेक्षा दुसरी गोष्ट खटकली. मेधाताईंनी उत्तर प्रश्नाच्या त्याच ओळीत चिकटवलं. नवीन ओळ असती आणि सुरुवातीला नाव असतं तर रंग उडूनही वाक्य वाचता आलं असतं.

आजोबा_ऑनलाइन

मुलांनो, हा वाद तुमच्या जन्माआधीचा आहे. आमच्या काळी रंग नव्हताच, मोडेम होता आणि फोनचं बिल होतं. फिडोनेट नावाचं जाळं होतं, १९८४ मध्ये सुरू झालेलं, त्यावर उत्तर देताना समोरच्याच्या ओळींच्या आधी *त्याच्या* नावाची अक्षरं लागायची. म्हणजे मी एसकेला उत्तर देत असलो तर असं:

```
SK> मीटिंग सोमवारी ठेवायची का?
सोमवारी जमणार नाही, मंगळवार चालेल.
```

माझ्या ओळीला काहीच नाही. जे विनाखूण ते ताजं. तुमच्या हल्लीच्या पद्धतीत बरोब्बर उलटं, जुनं तसंच आणि नव्यावर शिक्का. माझ्या मते जुनं जास्त तर्कशुद्ध होतं कारण चार फेऱ्या झाल्या तरी कोण काय बोललं ते प्रत्येक ओळीवर लिहिलेलं असायचं.

शेवटचा_बाक

आजोबा रॉक्स.

सावली

मला वाटतं हे वर्डमध्ये करायला पाहिजे ना? ट्रॅक चेंजेस ऑन करायचं, प्रत्येकाला आपोआप वेगळा रंग मिळतो, नाव पण येतं, समासात कॉमेंट टाकता येते. आम्ही करार तपासताना असंच करतो. एकदा वकिलांनी इतक्या कॉमेंट टाकल्या की मूळ मजकूर दिसेना, तो वेगळाच विषय.

टंकतपस्वी

@सावली, कागदपत्र असेल तर तेच योग्य. पण इथे प्रश्न ई-मेलमध्येच आलेत. ते वर्डमध्ये चिकटवून परत जोडून पाठवलं तर समोरच्याला फाइल उघडायची एक पायरी वाढते, आणि त्याचं उत्तर मात्र परत ई-मेलमध्येच येणार. मग दोन ठिकाणी दोन अर्धवट चर्चा.

श्रुतीवाचक

मी स्क्रीन रीडरवर काम करते, दृष्टी नाही, त्यामुळे हा धागा बघून हसू आलं. "माझी उत्तरं खाली लाल रंगात" ही ओळ मला दर दोन दिवसांनी ऐकायला मिळते.

एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी सांगते, त्यात रंग वाचून दाखवायची सोय आहे पण मुळात ती बंद असते, आणि चालू केली तर दर वाक्याला रंगाचं नाव ऐकून डोकं उठतं म्हणून कोणी ठेवत नाही. म्हणजे साहेबांना जे दिसलं तेच मला रोज ऐकू येतं, प्रश्न आणि उत्तर एका दमात.

नावाची अक्षरं लिहा पण एक लक्षात घ्या. नुसता चौकोनी कंस माझ्या सेटिंगमध्ये वाचला जात नाही, विरामचिन्हांची पातळी वाढवली तरच वाचतो. त्यामुळे [मे] लिहिलंत तर मला फक्त "मे" ऐकू येतं, महिना असल्यासारखं. "मेधा:" असं पूर्ण नाव लिहून पुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब दिलेत की छोटा थांबा येतो आणि कळतं की आता मेधा बोलतेय. दोन अक्षरं वाचवून काय मिळणार आहे?

आणि आजोबांच्या काळातलं ते > चिन्ह. प्रत्येक ओळीआधी "ग्रेटर, ग्रेटर" ऐकत बसावं लागतं. पण खरं सांगू, त्याचा त्रास झाला तरी जुनं-नवं कळतं. रंगात तेही नाही.

बोरूबहाद्दर

@श्रुतीवाचक, हे माहीत नव्हतं. पण मग डोळ्यांनी वाचणाऱ्या बाकीच्यांनी रंग सोडायचा का?

श्रुतीवाचक

सोडा असं कुठे म्हटलं? रंग लावा, फ्रेम लावा, झालर लावा. फक्त *नुसत्या* रंगावर भार टाकू नका.

टंकतपस्वी

वेबवरच्या सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांतही हेच आहे, माहिती कळण्यासाठी रंग हे एकमेव साधन नसावं. ते नियम ई-मेलला बंधनकारक आहेत असं मी म्हणत नाहीये, पण मागचं कारण तेच.

रंग लावणार असाल तर कोणता, यावरही बोलू. तेच नियम म्हणतात की साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर शुद्ध लाल, म्हणजे #FF0000, जेमतेम ४ भरतो. शुद्ध निळा #0000FF साडेआठच्या वर जातो, छान वाचता येतो. पण डार्क मोडमध्ये पार्श्वभूमी काळी झाली आणि अ‍ॅपने तुमचा निळा तसाच ठेवला तर तोच निळा अडीचच्याही खाली. काही अ‍ॅप रंग उलटवतात, काही हात लावत नाहीत, त्यामुळे समोर काय दिसेल हे पाठवणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. आणि लाल-हिरव्याची जोडी तर नकोच, कारण रंगांधळेपणात सगळ्यात जास्त गल्लत याच दोघांत होते आणि पुरुषांत तो बराच जास्त आढळतो. मेधाताई लाल आणि समीरभाऊ हिरवा, म्हणजे नेमकी तीच जोडी निवडली तुम्ही!

खटपट्या

मास्तरांचा लाल पण नापास. दुःख झालं.

कागदी_होडी

भरपूर माहिती मिळाली, धन्यवाद. समीरला दाखवलं तर तो वर्गात पहिला आल्यासारखा फिरतोय. पण अक्षरांनीही घोळ झालाच. आम्ही काल करून पाहिलं, मेधा "मे.", समीर "स.", आणि माझं नाव अ वरून आहे तर "अ." लिहिलं. क्लायंटने लगेच विचारलं की "अ. आहे, ब आणि क कुठेत?" त्याला वाटलं उपमुद्दे आहेत.

शेवटचा_बाक

😂😂 ब आणि क सुट्टीवर आहेत म्हणावं.

निवांत

आमच्याकडे दोन जणांची अक्षरं सारखीच होती, एसपी आणि एसपी. एकाने "हो" लिहिलेलं, दुसऱ्याने त्याच प्रश्नाखाली "नाही". समोरच्याने सोयीचं उत्तर घेतलं, साहजिकच.

टंकतपस्वी

म्हणूनच श्रुतीताई म्हणतात ते पटतं, हाकेचं पूर्ण नाव लिहा. शोधायलाही तेच बरं. लांबलचक ई-मेलमध्ये Ctrl+F करून "मेधा:" शोधलं की तिची सगळी उत्तरं एकामागून एक सापडतात. नुसतं "मे" शोधलं तर मेल, मेसेज, मेहनत सगळं उगवतं.

डेस्कटॉपवरचं जुनं आउटलुक असेल तर हे हाताने लिहायचीही गरज नाही. File मधून Options, तिथे Mail, खाली Replies and forwards या भागात Preface comments with असा चौकोन आहे. त्यावर टिक करून पुढे नाव लिहायचं. मग रिप्लायमध्ये जुन्या मजकुरात कुठेही कर्सर ठेवून टाइप करायला लागलात की तुमचं नाव कंसात आपोआप पुढे येतं. त्याच्याच आसपास Stationery and Fonts चं बटण आहे, त्यात रिप्लायच्या अक्षरांचा रंग ठरवता येतो. दोन्ही मिळून मेधाताई आणि समीरभाऊ दोघांचं समाधान.

अडतं कुठे, तर समोरून साध्या मजकुरातला ई-मेल आला की आउटलुक उत्तरही साध्या मजकुरातच उघडतं. रंगाची बटणं तेव्हा मंद झालेली दिसतात. ती तशी दिसली की समजायचं इथे रंग मिळणार नाही. Format Text मध्ये जाऊन HTML करता येतं, पण समोरचा साधा मजकूर वापरतोय तर मी तरी तसंच ठेवतो.

बोरूबहाद्दर

हे आत्ता करून पाहिलं, नाव आलं! पण क्लायंटच्या ई-मेलमध्ये १ ते ६ आकडे घातलेली यादी होती. मी २ च्या शेवटी एंटर मारला तर माझं उत्तरच ३ नंबरचं झालं आणि त्याचा ३ चा ४ झाला, असं खालपर्यंत.

टंकतपस्वी

हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण पाठवताना लक्षात येत नाही. मग फोनवर तो म्हणतो "चौथ्या मुद्द्याचं काय?" आणि तुमच्यासमोरचा चौथा वेगळा असतो. उपाय सोपा आहे, अशा यादीत एंटरऐवजी Shift+Enter दाबा. ओळ बदलते पण नवा आकडा लागत नाही. आणि पाठवण्याआधी शेवटचा आकडा त्याच्या मूळ ई-मेलमधल्या शेवटच्या आकड्याशी जुळतो का तेवढं बघा. त्याचा सहा आणि तुमचा नऊ असेल तर मधे तीन उत्तरं आकडे खाऊन बसलीत.

सावली

थंडरबर्डमध्ये उलटं आहे ना? तिथे > असलेल्या भागात साधा एंटर मारला की तो भाग दुभंगतो आणि मधे स्वच्छ ओळ मिळते. मला ते फार आवडतं.

टंकतपस्वी

हो, आणि Shift+Enter मारला तर उद्धृत भागातच राहता. दोन्ही अ‍ॅप वापरणाऱ्यांची बोटं गोंधळतात.

आजोबा_ऑनलाइन

तुम्ही सगळे बटणांत अडकलात. मूळ रोग वेगळा आहे, तुम्ही समोरच्याचा *अख्खा* ई-मेल ठेवता. त्याचं "नमस्कार, आपण बरे असाल", त्याची सही, त्याच्या कंपनीची गोपनीयतेची नोटीस, आणि मधे कुठेतरी तुमचं "हो". १९९५ साली आरएफसी १८५५ नावाचं टिपण निघालं होतं, नेटवरच्या शिष्टाचाराचं, त्यात साफ लिहिलंय की उत्तर देताना मूळचा गोषवारा द्या किंवा संदर्भ लागेल इतकाच मूळ मजकूर ठेवा. छाटा! छाटलं की रंगाची निम्मी गरज संपते.

निवांत

आजोबा, छाटण्यात धोका आहे. मी एकदा क्लायंटच्या परिच्छेदातली दोन वाक्यं कापली आणि उरलेल्याखाली उत्तर दिलं. तो म्हणाला माझं बोलणं अर्धवट दाखवून तुम्ही सोयीचं उत्तर दिलंत. त्या दोन वाक्यांत त्याची अट होती म्हणे.

आजोबा_ऑनलाइन

अट कापलीस तर ओरडणारच बाबा तो. कापलं तिथे तीन टिंबं कंसात टाकायची पद्धत असते. आणि त्याच्या शब्दांना हात लावायचा नाही, शुद्धलेखन चुकलं असलं तरी. लांब परिच्छेद मधे तोडून खाली उत्तर लिहायला हरकत नाही.

सावली

कराराचं काम करणारी म्हणून माझं मत, काहीही कापू नका. रेकॉर्ड राहतं.

आजोबा_ऑनलाइन

रेकॉर्ड त्याच्या मूळ ई-मेलमध्ये आहेच की, तो कुठे पळून गेला?

सावली

फॉरवर्ड केल्यावर तिसऱ्या माणसाकडे नसतो ना मूळ. इथे साहेबांचंच उदाहरण आहे.

टंकतपस्वी

दोघांचंही पटतं. 🙂 मी नमस्कार, सही, नोटीस कापतो, प्रश्नाला हात लावत नाही.

@कागदी_होडी, तुमचीच ती ओळ घेऊन मी असं लिहिलं असतं. सगळ्यात वर, रिकाम्या जागेत:

```
सहापैकी पाच प्रश्नांची उत्तरं खाली, ज्या त्या प्रश्नाखाली आहेत.
"मेधा:", "समीर:", "अमित:" अशी सुरुवात असेल ते आमचं.
प्रश्न ५ चं उत्तर बाकी आहे.
```

आणि खाली:

```
> ३. लोगो नंतर बदलायचा असेल तर जादा पैसे लागतील का

मेधा: नाही. एकदा बदल मोफत आहे.
समीर: दुसऱ्या बदलापासून वेगळं बिल होईल.
```

(अमित हे नाव माझ्या मनाचं, अ वरून.) हे साध्या मजकुरात गेलं, छापलं, चॅटमध्ये चिकटवलं तरी वाचता येतं. उत्तर पूर्ण वाक्यात आहे, "नाही लागणार" असं प्रश्नाच्या शेपटाला जोडलेलं नाही. आता यावर मेधाताईंनी खुशाल गडद निळा लावावा.

वरच्या तीन ओळी मात्र टाळू नका. बऱ्याच अ‍ॅपमध्ये जुना मजकूर तीन टिंबांमागे दडलेला असतो. वर काहीच लिहिलं नाही तर समोरच्याला रिकामा ई-मेल आल्यासारखा दिसतो आणि तो "आपण काही लिहायचं विसरलात का?" असं विचारतो. "खाली पाहा" एवढं लिहिलं तरी काही जण खाली फक्त तुमची सही बघतात. किती उत्तरं आहेत ते लिहिलं की शोधतात.

कागदी_होडी

नाव ओळखलंत बरोबर, तुक्का लागला तुमचा. 😀 हे आवडलं. पण दुसऱ्या फेरीत काय? क्लायंट आता आमच्या उत्तरांखाली त्याची उत्तरं लिहितो, तोही निळ्यात, मग आम्ही त्याखाली.

टंकतपस्वी

दुसऱ्या फेरीला "मेधा २:" असं लिहितो आम्ही. तिसऱ्या फेरीला मी थांबतो, नवा ई-मेल काढतो आणि फक्त अजून उघडे असलेले प्रश्न नव्याने आकडे घालून लिहितो. मिटलेल्यांची एकेक ओळ वर.

सावली

आणि नव्या आकड्यांमुळे जुन्या प्रश्न ४ चा प्रश्न १ झाला की परत घोळ.

टंकतपस्वी

खरंय. काही जण जुनेच आकडे ठेवतात, म्हणजे यादी ३, ५, ६ अशी दिसते. विचित्र दिसतं पण चालतं. यावर आमच्याकडेच एकमत नाही.

बोरूबहाद्दर

मी अजूनही रंग लावणार. नावासकट. मघाशी आउटलुकमध्ये फिक्का हिरवा निवडला होता तो बदलला तेवढा.

निवांत

हे सगळं मोबाईलवरून कसं करायचं? मी निम्मे ई-मेल फोनवरच बघतो.

श्रुतीवाचक

फोनवर दुसऱ्याच्या मजकुरात मधे शिरून लिहिणं मलाही जमत नाही, कर्सर कुठे आहे तेच कळत नाही. मी प्रश्नाचे पहिले चार-पाच शब्द वर लिहिते आणि पुढे उत्तर. "लोगो बदलण्याबद्दल: नाही, एकदा मोफत." चार प्रश्नांपर्यंत चालतं. त्याहून जास्त असतील तर "संध्याकाळी कॉम्प्युटरवरून सविस्तर लिहिते" एवढंच कळवते.

निवांत

आणि संध्याकाळी?

श्रुतीवाचक

संध्याकाळी आणखी दोन प्रश्न वाढलेले असतात.